'पण' न लावता मागितलेली माफी

मैत्रिणींनो, माफी मागायची पाळी आपल्यावर रोजच येते. दूध उतू गेलं, निरोप द्यायचा राहिला, कुणाच्या घरच्या कार्याला जाता आलं नाही. आपण 'सॉरी हं' म्हणतो आणि लगेच पुढे 'पण' जोडतो. 'पण पाहुणे आले होते ना', 'पण गॅस मंद होता'. घरात ते चालून जातं. मात्र जिथे लोक पैसे देऊन जेवतात तिथे हा छोटासा 'पण' सगळी माफी खाऊन टाकतो. हे मला गेल्या वर्षी आमच्या पेठेत अगदी जवळून बघायला मिळालं.

पुण्याची नारायण पेठ तुमच्यापैकी अनेकींना ठाऊक असेल. केसरीवाडा, पत्र्या मारुती, मोदी गणपती ही आमच्या पेठेतली ठिकाणं. जुने वाडे एकेक करून पडताहेत, त्यांच्या जागी इमारती उठताहेत. उरलेल्या खोल्यांमधून गावोगावची मुलं-मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत राहतात. त्यांच्या जिवावर आणि त्यांच्यासाठी इथे कितीतरी घरगुती मेस चालतात. बहुतेक बायकाच चालवतात. दोन खोल्या, एक ओटा, दोन-तीन शेगड्या आणि पहाटे पाचपासून सुरू होणारं काम. बचत गटांच्या कामामुळे माझं त्यांच्याकडे येणं-जाणं असतं. कुणाची अन्न परवान्याची नोंदणी करून दे, कुणाला अर्ज भरून दे, असं काही ना काही चालूच असतं.

२०२५ च्या जुलैमध्ये या सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. नदीपलीकडे डेक्कनवरचं गुडलक कॅफे म्हणजे पुण्याची जुनी ओळख. चौकालाही त्याचंच नाव आहे. तिथल्या बनमस्क्यात काचेसारखा तुकडा सापडल्याचा व्हिडिओ सगळीकडे पसरला. अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केली आणि कॅफेचा परवाना तात्पुरता स्थगित झाला. तक्रार एका तुकड्याची होती, पण तपासणीत स्वयंपाकघराच्या स्वच्छतेतल्या त्रुटीही पुढे आल्या. आमच्या मेसवाल्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, "एवढ्या मोठ्या नावाचं हे होतं, तर आपलं काय?"

महिनाभरात ती वेळ आलीच. मेसचं नाव मी सांगत नाही. दोन जावा मिळून ती चालवतात. थोरल्या वहिनी स्वयंपाक बघतात, धाकट्या हिशोब आणि डबे. हाताखाली चार बायका. रोजचे साठ-सत्तर डबे आणि जागेवर जेवणारे निराळे. मंगळवारी, १२ ऑगस्टला, एका मुलीच्या डब्यात मटकीच्या उसळीत झुरळ निघालं. तिने तिथल्या तिथे व्हिडिओ काढला आणि इन्स्टाग्रामवर टाकला. दुपारी तो मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर होता, संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. रात्रीपर्यंत अठरा जणांनी 'उद्यापासून डबा नको' असं कळवलं. पंधरा दिवसांवर गणपती आलेले. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतलेल्या. त्या दहा दिवसांच्या कमाईवर दिवाळीपर्यंतचं भाडं निघतं, हे मला माहीत होतं.

बुधवारी सकाळी धाकट्या वहिनींचा फोन आला. "ताई, माफी लिहायची आहे. पोराने लिहून ठेवलंय, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा."

पोराने लिहिलेलं असं होतं. 'गेली बावीस वर्षं आम्ही घरच्यासारखं जेवण देत आहोत. काल एका डब्यात किडा आढळून आल्याचे कळले. पावसाळा आणि शेजारी चालू असलेल्या बांधकामामुळे असे प्रकार घडू शकतात. काही जण याचा गैरफायदा घेऊन बदनामी करत आहेत. तरीही कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर आम्ही दिलगिरी व्यक्त करतो. यापुढे योग्य ती काळजी घेतली जाईल.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पण वाचून झाल्यावर मी त्याला विचारलं, "यात कुणी काय केलंय, ते मला दाखव." तो शोधायला लागला. 'आढळून आले', 'घडू शकतात', 'घेतली जाईल'. सगळी क्रियापदं अशी, की करणारं माणूसच कुठे दिसत नाही. आपल्या मराठीत ही फार मोठी सोय आहे. 'कप फुटला' म्हटलं की कुणी फोडला ते सांगावं लागत नाही. सरकारी पत्रं याच सोयीवर चालतात. पण ज्या मुलीच्या तोंडाशी तो घास गेला होता, तिला कप कुणी फोडला तेच तर ऐकायचं असतं. शिवाय 'भावना दुखावल्या असतील तर' यातला 'तर' बघा. भावनांचा प्रश्न नव्हता, उसळीत झुरळ होतं. आणि ते 'असेल तर' नव्हतं, होतंच.

पोरगा गोड, पण चिडलेला होता. म्हणाला, "मावशी, शेजारचा वाडा पाडल्यापासून झुरळं वाढली हे खोटं आहे का?"

खोटं मुळीच नव्हतं. वाडा पाडला की त्याच्या भिंतींतली, मोरीतली झुरळं शेजारपाजारी पसरतात, हे पेठेत सगळ्यांनी अनुभवलंय. मग खरं कारण सांगणं आणि सबब सांगणं यात फरक कुठे? मी त्याला तेच वाक्य दुसऱ्या तऱ्हेने लिहून दाखवलं. 'शेजारचा वाडा जूनमध्ये पाडला. झुरळं येणार हे दिसत असून आम्ही स्वयंपाकघराची तपासणी करून घेतली नाही.' गोष्ट तीच. पहिल्या वाक्यात दोष शेजाऱ्याकडे जातो आणि आपण हात झटकून मोकळे होतो. दुसऱ्यात आपण काय करायला हवं होतं ते कळतं, आणि म्हणून आता काय करायचं तेही आपोआप कळतं. कारण आणि सबब ओळखायची मला तरी हीच खूण वाटते. वाक्याच्या शेवटी आपल्यासाठी काही काम उरलं, तर ते कारण. काही उरलं नाही, तर ती सबब.

पण मग लिहायचं काय? कारण माहीत नसताना उपाय कसे सांगणार? म्हणून कागद बाजूला ठेवला आणि आम्ही आधी स्वयंपाकघरात गेलो. माझ्या ओळखीचे एक पेस्ट कंट्रोलवाले आहेत, त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला फार शहाणपणाचा वाटला. "झुरळ केवढं होतं?"

आपल्याकडे झुरळं मुख्यतः दोन प्रकारची दिसतात. एक मोठं, तांबूस, अंगठ्याएवढं. ते बहुतेक गटारातून, मोरीच्या वाटेने येतं. दुसरं लहान, फिकट तपकिरी, नखाएवढं, डोक्यामागे दोन काळसर उभ्या रेघा असलेलं. हे बाहेरून रोज येत नाही. एकदा शिरलं की स्वयंपाकघरातच वस्ती करतं, जिथे ऊब, ओल आणि अरुंद फट मिळेल तिथे. म्हणजे फ्रिजच्या मोटरीपाशी, मिक्सरच्या खाली, फडताळाच्या सांध्यात. मोठं असेल तर मोरीची जाळी बदलायची, लहान असेल तर घरातलीच वस्ती शोधायची. उपायच वेगळे. आणि व्हिडिओतलं झुरळ लहान होतं.

फ्रिज पुढे ओढला. मागे भिंतीवर मिरपूड सांडावी तसे काळे बारीक ठिपके होते. ती त्यांची विष्ठा. मोटरीच्या पत्र्यावर तपकिरी कुप्या चिकटलेल्या. ती अंड्यांची थैली. थोरल्या वहिनींनी तोंडावर पदर धरला. ओटा, भांडी, फरशी सगळं चकाचक ठेवणारी बाई ती. पण फ्रिज जड म्हणून जूनपासून तो कुणी हलवला नव्हता.

मग मंगळवारची सकाळ आम्ही पहिल्यापासून आठवून काढली. मटकीची उसळ साडेनऊला शिजून उतरवली. इतकी गरम उसळ डब्यात भरताना बायकांचे हात भाजतात, म्हणून पातेलं तासभर निवत ठेवायची पद्धत होती. वाफ जावी म्हणून वर ताट तिरकं ठेवायचं. आणि निवत ठेवायची जागा म्हणजे फ्रिजशेजारचा कट्टा. आता कुणाला काही सांगायची गरजच उरली नाही. तासभर उघडी फट आणि हातभर अंतरावर झुरळांची वस्ती.

यानंतर पेस्ट कंट्रोलवाल्यांनी जे सांगितलं, त्याने माफीचा मजकूरच बदलला. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, आजच्या आज फवारून टाका, म्हणजे लिहिता येईल पेस्ट कंट्रोल केलं म्हणून." ते म्हणाले, फवारा मारला तर समोरची मरतील आणि बाकीची पांगून दुसऱ्या फटीत जातील. या लहान झुरळांवर जेलचे ठिपके लावायचे. झुरळ ते खातं, आपल्या बिळात जाऊन मरतं, आणि त्याची विष्ठा किंवा मेलेलं झुरळ खाऊन बाकीचीही मरतात. जेल लावल्यावर वर फवारा मारला तर मात्र झुरळं जेलला तोंडच लावत नाहीत, आणि दोन्ही उपाय वाया जातात. आणखी एक. अंड्यांच्या एका थैलीत तीस-चाळीस अंडी असतात. थैलीतल्या अंड्यांवर जेलचा काही परिणाम होत नाही. तीन-चार आठवड्यांत ती फुटतात आणि नवी पिल्लं बाहेर येतात. म्हणून दुसरी फेरी करावीच लागते.

म्हणजे 'आम्ही पेस्ट कंट्रोल केलं आहे, आता काळजी नसावी' असं बुधवारी लिहिलं असतं, तर ते वाक्य तीन आठवड्यांत खोटं ठरलं असतं. खरी माफी लिहायची तर तिच्यात पुढची तारीख हवी होती. मोजलं तर दुसरी फेरी ३ सप्टेंबरला येत होती. गौरी-गणपती विसर्जनाचा दुसरा दिवस आणि अनंत चतुर्दशीच्या तीन दिवस आधी. ऐन मोसमात. धाकट्या वहिनी म्हणाल्या, "आठवडाभर पुढे ढकलू या का?" थोरल्या म्हणाल्या, "अंडी आपल्यासाठी थांबणार आहेत का?" आणि तारीख ठरली.

बुधवारी संध्याकाळी मेसच्या इन्स्टाग्राम पानावर जो मजकूर गेला, तो दोघींच्या परवानगीने इथे देते.

'काल, मंगळवार १२ ऑगस्टला, आमच्या डब्यातल्या मटकीच्या उसळीत झुरळ निघालं. व्हिडिओ खरा आहे. डबा आमचाच आहे. आम्ही माफी मागतो.

उसळ शिजल्यावर आम्ही पातेलं अर्धवट झाकून फ्रिजशेजारी निवत ठेवलं होतं. फ्रिजच्या मागे झुरळांची वस्ती होती. जूनपासून आम्ही फ्रिज हलवून साफसफाई केली नव्हती. झुरळ तिथूनच पडलं असावं.

आज आम्ही फ्रिज आणि फडताळं हलवून धुतली, भिंतीतल्या फटी सिमेंटने बुजवल्या आणि झुरळांसाठी जेल लावून घेतलं. अंडी नंतर फुटतात, म्हणून ३ सप्टेंबरला दुसऱ्यांदा जेल लावणार आहोत. त्या दिवशी मेस बंद राहील.

उसळ आता निवत ठेवणार नाही. शेगडीवरून थेट डब्यात गरम भरू. सर्व पातेल्यांना बसतं झाकण घेतलं आहे.

मंगळवारी गेलेल्या सर्व ६२ डब्यांचे पैसे आम्ही परत करत आहोत. कुणाला त्रास झाला असेल तर कळवा, डॉक्टरांचा खर्च आम्ही देऊ.

मेस १७ ऑगस्टपर्यंत बंद आहे. १८ ला सुरू होईल. फ्रिजमागे आणि ओट्याखाली चिकट सापळे लावले आहेत. दर शनिवारी त्यांचे फोटो इथे टाकू. स्वयंपाकघर बघायला सकाळी ९ ते ११ कधीही या.'

खाली दोघींची नावं आणि मेसचा चौदा आकडी अन्न नोंदणी क्रमांक.

या मजकुरातल्या काही गोष्टी मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत. इन्स्टाग्रामवर फोटोखालचा मजकूर उघडायच्या आधी फक्त पहिल्या एक-दोन ओळी दिसतात. बावीस वर्षांची परंपरा पहिल्या ओळीत असती, तर बऱ्याच जणांनी तेवढंच वाचून 'पुढे सरकू' केलं असतं. म्हणून 'झुरळ निघालं' हे सर्वांत आधी. परंपरा पूर्णच काढून टाकली. आपली बावीस वर्षं हे आपलं भांडवल असतं, समोरच्याला मात्र तो एक घास आठवत असतो. 'बदनामी' हा शब्दही गेला. आणि वहिनींनी त्या मुलीला व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं नाही. धाकट्यांच्या मनात होतं, की पैसे परत देताना तेवढं विचारावं. पण मग ते पैसे माफीचे राहिले नसते, गप्प बसण्याचे झाले असते. पैसेही रोख परत दिले. 'पुढच्या वेळी एक डबा मोफत' असं म्हटलं नाही, कारण त्यात पुन्हा इथेच जेवायला यायची अट आली. तोच मजकूर मोठ्या अक्षरात दारावरही लावला. जागेवर जेवायला येणारे कितीतरी आजोबा इन्स्टाग्रामवर नसतात.

एक वकील ओळखीचे आहेत, त्यांनी सावध केलं. लेखी कबुली देताय, उद्या तीच तुमच्याविरुद्ध वापरली जाईल. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५४ नुसार अन्नात असा बाहेरचा पदार्थ निघाला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अस्वच्छ जागी अन्न तयार केल्याबद्दल कलम ५६ खाली तेवढाच. पण दंड ठरवताना चूक वारंवार झाली आहे का, हेही बघितलं जातं. आणि व्हिडिओ तर आधीच जगाने पाहिला होता. म्हणून आम्ही एवढंच पाळलं, की जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच ठामपणे लिहायचं आणि जो अंदाज आहे तिथे 'असावं' म्हणायचं. मुळात माफी मागितली म्हणून तपासणी टळत नाही, आणि टळावी असा तिचा हेतूही नसतो.

आता तुम्ही म्हणाल, घरगुती मेसला हे जमलं, मोठ्या हॉटेलांना कुठलं परवडतं? तर जगातली दोन मोठी उदाहरणं सांगते. चीनमध्ये हायदिलाओ नावाची हॉटेलांची मोठी साखळी आहे. २५ ऑगस्ट २०१७ ला तिथल्या एका वर्तमानपत्राने बीजिंगमधल्या तिच्या दोन शाखांच्या स्वयंपाकघरात उंदीर फिरत असल्याचं छायाचित्रांसह छापलं. ते झपाट्याने पसरलं. त्याच दिवशी काही तासांत कंपनीने माफी मागितली. बातमीत आलेलं खरं आहे असं स्पष्ट म्हटलं. पाठोपाठ कामांची यादी दिली. दोन्ही शाखा बंद, बाकी सगळ्या शाखांची तपासणी, उंदीर-कीटक नियंत्रणाच्या कंपनीकडे काम सोपवणं, आणि प्रत्येक कामापुढे जबाबदार माणसाचं नाव. त्यातली एक ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या दोन शाखांमधल्या कामगारांनी घाबरू नये, मुख्य जबाबदारी संचालक मंडळाची आहे, अशा अर्थाचं ते लिहिणं होतं.

हे मी वहिनींना सांगितलं होतं, कारण त्यांच्याही मेसमध्ये तो प्रश्न होता. त्या दिवशी पातेल्यावर ताट ठेवलं होतं ते हाताखालच्या एका बाईने. 'संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून काढले आहे' ही ओळ लिहायला किती सोपी होती! अशा माफीनाम्यांत ती हमखास असते. पण तिला काढून फ्रिजमागचं एकही झुरळ कमी होणार नव्हतं. ताट तिरकं ठेवायची पद्धत मालकिणींनीच घालून दिलेली. हात भाजतात म्हणून निववायचं, तर त्यावर उपाय म्हणजे लांब दांड्याचा डाव आणि कापडी हातमोजे. ते आणले. ती बाई आजही कामावर आहे.

दुसरं उदाहरण जपानचं, सुकिया या साखळीचं. २१ जानेवारी २०२५ ला तोत्तोरी भागातल्या एका शाखेत मिसो सूपच्या वाटीत उंदीर निघाला. गिऱ्हाइकाने काढलेला फोटो गूगल नकाशावरच्या अभिप्रायांत आला. कंपनीने शाखा तात्पुरती बंद करून साफ केली, पण लोकांना अधिकृतपणे सांगितलं ते थेट २२ मार्चला, फोटो सगळीकडे पसरल्यावर. दोन महिने! निवेदनात कारण नेमकं दिलं होतं. सूप ओतायच्या आधी वाट्यांमध्ये बाकीचे जिन्नस घालून ठेवतात, तेव्हा तो शिरला आणि नजरेने तपासताना सुटला, असं. पण लोकांना राग होता तो दोन महिने गप्प बसल्याचा. त्यातच टोकियोतल्या एका शाखेत जेवणात किडा निघाला आणि ३१ मार्च ते ४ एप्रिल जवळजवळ सगळ्या, म्हणजे सुमारे दोन हजार शाखा बंद ठेवून सफाई करावी लागली. नंतर चोवीस तास उघडं राहायची पद्धत सोडून रोज पहाटे एक तास सफाईसाठी राखला. काम चांगलंच केलं. पण ते पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर त्याला माफीची किंमत आली असती.

आमच्या पेठेतल्या मेसचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. सगळं गोड झालं नाही. त्या मजकुराखाली वाईट बोलणारे होतेच. दोघींनी एकही प्रतिक्रिया पुसली नाही. प्रश्न असेल त्याला उत्तर दिलं, नुसती शिवी असेल तिथे गप्प राहिल्या. १८ तारखेला मेस उघडली तेव्हा ६२ पैकी ३८ डबेच गेले. मोदकांच्या निम्म्याहून जास्त ऑर्डरी रद्द झाल्या. दहा-बारा जणं स्वयंपाकघर बघायला आली. त्यात ती व्हिडिओ काढणारी मुलगीही होती. तिने फ्रिजच्या मागे वाकून मोबाइलच्या उजेडात पाहिलं आणि म्हणाली, "काकू, मला फक्त खरं सांगायला हवं होतं तुम्ही. आणि सांगितलंत."

शनिवारच्या सापळ्यांचे फोटो मात्र नेमाने आले. पहिल्या शनिवारी सापळ्यात एकतीस झुरळं होती. पोरगा म्हणाला, हा फोटो नको टाकायला, बघून उरलेलेही पळतील. थोरल्या म्हणाल्या, टाक. पुढच्या शनिवारी चौदा, मग सहा. ३ सप्टेंबरला मेस बंद ठेवून दुसरी फेरी झाली. त्यानंतरच्या शनिवारी तीन, मग एक, आणि सप्टेंबरच्या शेवटी सापळा रिकामा. त्या रिकाम्या सापळ्याच्या फोटोला जितके अंगठे मिळाले, तितके त्यांच्या मोदकांच्या फोटोलाही कधी मिळाले नव्हते. दिवाळीपर्यंत डबे पन्नासच्या पुढे गेले. गेलेल्यांपैकी काही जण परत आले नाहीत, ते येणारही नाहीत. माफीने गिऱ्हाईक परत मिळतंच असं नाही.

तुम्ही गावात मेस चालवत असाल, पोळी-भाजी केंद्र असेल, बचत गटाचं फराळाचं काम असेल किंवा नुसता घरातून डबा देत असाल, तर देव न करो पण अशी वेळ आलीच, तर लिहायला बसण्याआधी फ्रिज ओढा. कारण सापडेपर्यंत पेन हातात घेऊ नका, पण एक दिवसाहून जास्त वेळही घालवू नका. कारण त्या दिवसात सापडलं नाही, तर 'शोधतो आहोत, अमुक दिवशी सांगू' एवढं लिहा आणि त्या दिवशी सांगा.

आणि आपण गिऱ्हाईक म्हणून असा माफीनामा वाचला, तर त्यात दोन गोष्टी शोधायच्या. 'आम्ही' या शब्दापुढे नक्की काय केलं ते लिहिलंय का? आणि आजच्या नंतरची एखादी तारीख आहे का, जी आपल्याला जाऊन ताडून बघता येईल? दोन्ही नसतील, तर तो छान शब्दांत लिहिलेला कागद आहे, इतकंच. मग अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा १८००११२१०० या केंद्रीय अन्नसुरक्षा विभागाच्या मोफत क्रमांकावर तक्रार करायला संकोच करू नका. बिलावर तो चौदा आकडी क्रमांक असतो, तो टिपून ठेवा म्हणजे तक्रार नेमक्या दारी पोचते.

वहिनींच्या मेसमध्ये आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फ्रिज पुढे ओढला जातो. भिंतीवर कॅलेंडरच्या त्या चौकोनात फक्त 'फ्रिज' एवढंच लिहिलेलं असतं, आणि काम झालं की ज्या बाईने केलं तिची सही.